आधी सुटका, मग पेढे

पहाटे साडेचारला मामाचा फोन आला. मामा वैनगंगेच्या काठच्या गावात राहतो, आवाज जरा चढवूनच बोलतो. त्या दिवशी मात्र हळू बोलला. ‘पोरगी झाली रे बाबू. बारकी आहे. काचेत ठेवून राह्यले. डॉक्टर म्हनते, तीन दिवस पाहू.’ मी अर्धवट झोपेत होतो. ‘पोरगी झाली’ एवढंच डोक्यात शिरलं. फोन ठेवला आणि घराण्याच्या ग्रुपवर टाकलं, ‘अभिनंदन मामा-मामी! आजी-आजोबा झालात! पेढे कधी?’ सात वाजेपर्यंत त्याखाली फुलं, पाळणे आणि हात जोडलेल्या चित्रांची रांग लागली.

मामेबहीण पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती. तिचे सासू-सासरे चंद्रपूरला. मामा उजाडल्यावर आधी इवाईंना स्वतः फोन करणार होता, इहीनबाईंशी मामीच बोलणार होती. त्याआधीच कुणीतरी माझा मजकूर त्यांच्याकडे पुढे ढकलला. नात झाल्याची बातमी त्यांना तिसऱ्याकडून मिळाली, तीही बाळ काचेत असल्याचा उल्लेख नसलेली. मामा रागावला नाही. त्याने तीन दिवस फोन बंद ठेवला.

त्यानंतर मी हा विषय जरा नीट पाहायला लागलो. काका, मामा, मावशी किंवा आत्या यांच्यापैकी कुणी आजी-आजोबा झालं, तर त्यांना काय म्हणायचं, कधी म्हणायचं, आणि सगळ्या घराला शुभेच्छा द्यायच्या तर त्या घरात कोण कोण मोजायचं? चंद्रपूर आणि गडचिरोलीत या प्रश्नांची उत्तरं लोकांच्या बोलण्यातच आहेत. मोबाइलने त्यांचा क्रम मात्र उलटा केला.

‘अभिनंदन’ हा शब्द नव्हताच

आमच्याकडे बाळ जन्मल्यावर तोंडी कुणी ‘अभिनंदन’ म्हणत नाही. तो शब्द दहावीच्या निकालाचा, निवडणुकीच्या फलकाचा. बाळंतपणाची चौकशी वेगळ्या शब्दांत होते. ‘सुटली का पोरगी?’ ‘मोकळी झाली का?’ ‘सुटका कशी झाली?’ या तिन्ही प्रश्नांच्या केंद्रस्थानी बाळंतीण आहे. सुटते ती, मोकळी होते ती. बाळ कोण, हा प्रश्न त्यानंतर. आजोबाला ‘आता आबाजी झाले न जी तुम्ही’ असं हसून म्हणायची पाळी त्याच्याही नंतर येते.

प्रमाण मराठीतल्या ठरीव वाक्यातही हाच विचार आहे. ‘बाळ-बाळंतीण सुखरूप आहेत ना?’ हा आधी प्रश्न असतो. त्याला ‘हो’ आलं की पुढचं सगळं. म्हणजे शुभेच्छा देण्याआधी एक दार होतं आणि ते उघडलं की नाही हे विचारायची रीत भाषेतच होती. माझ्या मजकुरात ते दार नव्हतं. मामाने ‘बारकी आहे’ म्हणून ते अर्धं बंद असल्याचं सांगितलं होतं, आणि मी त्यावरून थेट पेढ्यांवर उडी मारली.

पोस्टकार्डाच्या काळात ही चूक सहसा व्हायची नाही, कारण टपाल हळू होतं. कोपऱ्याला हळद-कुंकू लावलेलं कार्ड आलं की न वाचताच कळायचं, बातमी चांगली आहे. ते पोहोचेपर्यंत पाचवी होऊन गेलेली असायची. भामरागडकडे तर पावसाळ्यात पर्लकोटेला पूर आला की गावाचा रस्ताच तुटतो, तिथे निरोपाला आणखी वेळ लागायचा. थांबायचं शहाणपण माणसाला दाखवावं लागत नव्हतं, रस्ताच ते दाखवायचा.

पाचवी, बारसं आणि सव्वा महिना

जुन्या रीतीत आनंदाच्या पायऱ्या ठरलेल्या आहेत. पहिले दहा दिवस सुवेर. पाचव्या किंवा सहाव्या रात्री सटवाईची पूजा, ती बाळाच्या कपाळी नशीब लिहिते अशी समजूत. बाराव्या दिवशी किंवा सोयीने पुढे बारसं. आणि सव्वा महिना झाला की बाळंतीण घराबाहेर पडते. नाव सुरुवातीलाच ठेवत नाहीत, गावजेवण पाचवीच्या आधी घालत नाहीत, ‘बाळ किती गुटगुटीत’ असं तोंडावर म्हणत नाहीत. या सगळ्याला आपण अंधश्रद्धेच्या खात्यात टाकतो, आणि त्यातला काही भाग तिथलाच आहे. पण या पायऱ्यांमागे एक भीती होती आणि ती खरी होती.

ती किती खरी होती हे याच भागात मोजलं गेलं. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ या संस्थेने गडचिरोलीच्या खेड्यांत १९९३ पासून नवजात बाळांची नोंद ठेवली. सुरुवातीला दर हजार जिवंत जन्मांमागे ६२ बाळं पहिल्या महिन्यातच जात होती. मग ३९ गावांत गावातल्याच बायकांना शिकवून आरोग्यदूत केलं. त्या घरी जाऊन बाळाचं वजन करायच्या, अंग गार पडलं का ते पाहायच्या, दूध ओढतंय का हे विचारायच्या, जंतुसंसर्गाची लक्षणं ओळखून औषध द्यायच्या. तिसऱ्या वर्षी त्या गावांतला आकडा पंचविसाच्या आसपास आला. १९९९ मध्ये हा अभ्यास ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला, आणि पुढे देशभर आशा कार्यकर्त्यांच्या घरभेटींचा पाया त्यावर रचला गेला.

पहिल्या महिन्यात जी बाळं जातात, त्यांतली सुमारे तीन चतुर्थांश पहिल्याच आठवड्यात जातात. म्हणजे पाचवीची रात्र नेमकी त्या धोक्याच्या पट्ट्यात येते आणि बारसं तो पट्टा ओलांडल्यावर. आशाताईंचं आजचं वेळापत्रक या जुन्या पायऱ्यांशेजारी ठेवून पाहा. दवाखान्यात जन्मलेल्या बाळाकडे त्या तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी जातात. घरी बाळंतपण झालं असेल तर पहिल्या दिवशीही. बेचाळीस दिवस म्हणजे आजीचा सव्वा महिना आणि वर थोडं. आजी देवीला भिऊन थांबायची, आशाताई वजनकाटा घेऊन येते. पण दोघींची नजर एकाच काळावर आहे.

मला यातून शुभेच्छा देणाऱ्यासाठी एक साधा नियम दिसतो. पहिल्या दिवशीचा निरोप बाळंतिणीच्या चौकशीचा असावा आणि तो एकट्या मामा-मामींना जावा, ग्रुपवर नाही. आनंदाचा मोठा निरोप घरचे स्वतः बातमी सांगायला लागले की पाठवावा. ते बाळ घरी आल्यावर सांगतील किंवा पाचवीनंतर, ठरवायचं त्यांनी. मधल्या काळात काही विपरीत झालं, तर त्या घराला पन्नास अभिनंदनं उलटी उत्तरायची वेळ येऊ नये. पाठवलेली शुभेच्छा परत घेता येत नाही.

कोण कुणाचं काय झालं

पुढचा प्रश्न संबोधनाचा. मराठीत आईचे वडील आणि वडिलांचे वडील दोघंही आजोबाच. म्हणून ‘आजोबा झालात’ हे वाक्य आपल्याला सोपं जातं. पण या दोन जिल्ह्यांत सगळीकडे ते तसं चालत नाही. सिरोंच्याकडे गोदावरीच्या अंगाला तेलुगू बोलणारी घरं आहेत. तिथे मुलीला बाळ झालं तर मावशी अम्मम्मा होते, मुलाला झालं तर नानम्मा. मुलचेरा आणि चामोर्शीकडच्या बंगाली वस्त्यांतही दोन आज्यांना दोन शब्द, दिदिमा आणि ठाकुमा. गोंडीतही आईकडचा आणि वडिलांकडचा आजोबा एका शब्दात बसत नाहीत. शेजारच्या बस्तरातल्या माडियांमध्ये ज्या कुळांशी सोयरिक होऊ शकते त्यांना ‘अकोमामा’ म्हणतात, असं ग्रिगसन या अधिकाऱ्याने १९३८ च्या ग्रंथात नोंदवलं आहे. अको म्हणजे आईकडचा आजोबा. म्हणजे आईकडचा आजोबा आणि मामा हे दोन शब्द जोडले की अख्खी सोयरिक उभी राहते.

अशा शेजारात राहणाऱ्या मराठी माणसाने निदान एवढं विचारून घ्यावं की बाळ लेकीचं की लेकाचं. कारण त्यावर दुसरं घर ठरतं. लेकीचं बाळ असेल तर माहेरचे आजी-आजोबा खाट, शेक, लाडू, दवाखान्याच्या फेऱ्या सगळं अंगावर घेतात, आणि बारशाचा मान सासरकडे जातो. त्यांना ‘आजोबा झालात’ म्हणताना या राबण्याची दखल घ्यायला हवी. लेकाचं बाळ असेल तर आपल्या मोठे बाबा-मोठी आईच्या घरी त्या दिवशी बाळ नसतंच. ते सुनेच्या माहेरी असतं. मोठी आई आजी होते ती फोनवर. तिला ‘बाळाला सांभाळा’ असा निरोप गेला की तिला बोचतं, कारण तिने त्याला अजून पाहिलेलंही नसतं. तिच्यासाठी योग्य प्रश्न वेगळा आहे, ‘मोठी आई, नातवाला पाहायला कधी निघता?’

आणि आपण स्वतः? मामाच्या लेकीला मुलगी झाली म्हणजे मी मामा झालो. मोठे बाबांच्या लेकाला झाली असती तर काका झालो असतो. बायकांसाठी मावशी किंवा आत्या. शुभेच्छेत हे सांगितलं की ती कोरडी राहत नाही, कारण आता आपणही त्या बाळाच्या हिशेबात येतो.

‘लक्ष्मी आली’ म्हणताना

माझ्या ग्रुपवर त्या सकाळी आणखी एक गोष्ट झाली. अर्ध्या लोकांनी ‘लक्ष्मी आली’ लिहिलं, दोघांनी ‘पहिली बेटी, धनाची पेटी’. मनाने चांगले लोक. पण मुलगा झाला असता तर यातलं एकही वाक्य आलं नसतं, नुसतं अभिनंदन आलं असतं. मुलीच्या वेळी देवीचं नाव घेऊन समजूत घालावी लागते, हे मामीला बरोबर कळलं. ती मला नंतर म्हणाली, ‘मले काही दुःख नोहतं, मंग हे समजावून कायले राह्यले होते?’

तिच्या बोलण्याला या भागात आधार आहे. २०११ च्या जनगणनेत सहा वर्षांपर्यंतच्या मुलांमध्ये हजार मुलांमागे मुलींची संख्या राज्यात नऊशेच्या आत होती. चंद्रपूर आणि गडचिरोली या दोन्ही जिल्ह्यांत ती साडेनऊशेच्या वर होती. इथे मुलगी होणं ही समजूत घालायची गोष्ट सगळ्यांनाच वाटत नाही. मुलगा झाला तर पेढे आणि मुलगी झाली तर बर्फी, ही वाटणीही आमच्या मिठाईवाल्याकडे अजून मागतात. मामाने पुढे वाटले ते पेढेच. नातीसाठी जे वाक्य लिहाल ते नातवासाठीही चालेल का, एवढं मनात तपासलं की पुरतं. चालत नसेल तर ते खोडावं.

हातात काय न्यायचं

बाळ पाहायला रिकाम्या हाताने जात नाहीत, आणि जंगलाच्या जिल्ह्यात हात भरायला काही कमी नाही. डिंक, चारोळी, मोहफुलं, बांबूचं सूप, आणि मध. शेवटची वस्तू जपून. जंगलचा मध ही इथली अभिमानाची भेट आहे, आणि बाळाच्या जिभेला मध लावायची रीतही जुनी आहे. पण वर्षाच्या आतल्या बाळाला मध देऊ नये. त्यात कधी कधी एका जंतूचे बीजाणू असतात. मोठ्यांच्या आतड्यात ते सहसा रुजत नाहीत, बाळाच्या कोवळ्या आतड्यात मात्र ते रुजून विष तयार करू शकतात. बाळ मलूल पडतं, मान टाकतं, दूध ओढत नाही. मध उकळून हे बीजाणू जात नाहीत. म्हणून मधाची बाटली न्यायची तर ‘ही बाळंतिणीच्या आजीसाठी’ असं बोलून हातात द्यावी, नुसती पाळण्याशेजारी ठेवू नये. घुटीचंही तसंच. सहा महिने आईच्या दुधाखेरीज पाणीसुद्धा नको, हे आशाताई घरोघर सांगते. आपण घुटीचं साहित्य नेलं तर आजीला आपल्या आणि आशाताईच्या मध्ये उभं करतो.

डिंकाचे किंवा जवसाचे लाडू बाळंतिणीला, धुतलेलं जुनं मऊ सुती कापड बाळाला. नवं झबलं न्यायचं तर एकदा धुऊन न्यावं, खळ निघून जाते. बारक्या बाळाला भेट म्हणून सर्वांत उपयोगी वस्तू टोपडं आणि पायमोजे, कारण त्याचं अंग लवकर गार पडतं. आणि एक न दिसणारी भेट अशी की सर्दी-खोकला असेल तर जाऊच नये, गेल्यावर साबणाने हात धुवावेत, बाळाचा मुका घेऊ नये, आणि अर्ध्या तासात उठावं.

दोन निरोप

मामाच्या फोननंतर मी जे लिहायला हवं होतं ते आज असं लिहिलं असतं:

‘मामा, ताईची सुटका झाली हे ऐकून बरं वाटलं. ती कशी आहे? बाळ काचेत आहे म्हणता, तिथे रात्री कोण थांबतं? मी दुपारपर्यंत पोहोचू शकतो, डबा आणि मामीला घरी सोडणं माझ्याकडे. मी कुणाला काही सांगितलेलं नाही. उत्तराची घाई नाही.’

यात अभिनंदन हा शब्द नाही आणि त्याची उणीवही भासत नाही. ‘मी कुणाला काही सांगितलेलं नाही’ हे वाक्य सगळ्यांत कामाचं. त्यामुळे मामाला इवाईंना सांगायला वेळ मिळतो.

दुसरा निरोप मी खरोखर पाठवला. बाळ जन्मलं तेव्हा १,८५० ग्रॅमचं होतं. पहिले काही दिवस वजन थोडं उतरलं, तसं ते उतरतंच, पण मामी रडायची. मग नर्सने ताईला बाळ छातीशी उघड्या अंगाला लावून धरायला शिकवलं, ताई थकली की मामी तसंच धरायची. अकराव्या दिवशी बाळ घरी आलं. आशाताई आली, काटा टांगला, १,९०० भरलं. मामाने फोन केला आणि मला स्वतः आकडा सांगितला. त्या संध्याकाळी मी लिहिलं:

‘मामा-मामी, आता मोकळेपणाने लिहितो. आजी-आजोबा झालात, फार आनंद झाला. मामी, तुमच्या छातीशी बाळ ज्या रात्री होतं त्या रात्री तुम्ही आजी झालात. ताईला सांगा, तिने आधी खाऊन घ्यावं. चंद्रपूरच्या आजी-आजोबांनाही माझा नमस्कार, आणि जावईबापूंना सांगा की बापाने धरलं तरी बाळाला ऊब मिळते. पणजीआईला पणती दाखवा, सोन्याची फुलं मी आणतो.’

संपूर्ण घराला शुभेच्छा द्यायच्या म्हणजे ‘सर्व परिवारास’ असं एका शब्दात गुंडाळायचं नसतं. त्या घरात आता कोण कोण आहे ते एकेकाचं नाव किंवा नातं घेऊन म्हणायचं. माझ्या निरोपात सात माणसं आली. बाळंतीण, दोन्हीकडचे आजी-आजोबा, बाप, पणजी. बाळाचं मोठं भावंड असतं तर त्यालाही घ्यावं लागलं असतं, कारण घरात सगळ्यांची नजर पाळण्याकडे वळली की ते एकटं पडतं. एकेकाचं नाव घेताना आपोआप कळतं की आपण कुणाला विसरत होतो. मी ग्रुपवरच्या त्या पहिल्या निरोपात चंद्रपूरला विसरलो होतो.

त्यांना मी नंतर वेगळा फोन केला. चूक कबूल केली. इहीनबाई म्हणाल्या, ‘बातमी कोनी सांगतली त्याचं काही नाही जी. पन बाळ काचेत आहे हे कोनी सांगतलं नोहतं, आम्ही पेढे घेऊन निघालो होतो.’ पेढ्यांचा पुडा घेऊन ते दोघं दवाखान्याच्या दारात पोहोचले होते आणि आत गेल्यावर तो कुठे ठेवायचा हे त्यांना कळत नव्हतं. तो पुडा मीच त्यांच्या हातात दिला होता.

सव्वा महिन्याने बारसं झालं. बाळ २,६०० ग्रॅमच्या वर गेलं होतं. बुरडाकडून आणलेल्या नव्या सुपात तिला निजवलं होतं, डोक्याला टोपडं. मामाने मला हाक मारली, ‘ये रे, तुझ्या भाचीला पाह्य.’ ज्या माणसाला मी आजवर मामा म्हणत आलो, त्याने मला त्या दिवशी मामा केलं. मी हात धुवायला आधी मोरीकडे गेलो.